मोजून वाढलेलं शीत: गोव्यात मधुमेहींसाठी क्लाउड किचन कसं उभं करावं

मधुमेहींसाठी डबे द्यायचे म्हटलं की बहुतेकजण मेनूपासून सुरुवात करतात. खिरीतली साखर काढतात, मैद्याच्या जागी नाचणी आणतात, डब्यावर हिरव्या पानाचं चित्र छापून घेतात, आणि शीत मात्र घरच्यासारखं डवल्याने वाढतात. सोमवारी 110 ग्रॅम, मंगळवारी 160. जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला असा डबा साध्या खानावळीच्या थाळीपेक्षा जास्त घातक. खानावळीत तो सावध तरी असतो, इथे त्याने डोळे मिटून विश्वास ठेवलेला असतो.

म्हणून या धंद्यात विकायच्या गोष्टी दोनच: रोज तितकीच कर्बोदकं आणि रोज तीच वेळ. बाकी सगळं या दोन्हींच्या मागून येतं. आयसीएमआर-इंडियाबच्या 2023 साली आलेल्या पाहणीत गोव्यातल्या प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण 26.4 टक्के निघालं, देशाचं 11.4. तेव्हा गिऱ्हाईक शोधत हिंडायची वेळ फारशी येत नाही.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. किचन ताळगावला, फक्त दुपारचा डबा, महिन्याची वर्गणी, सुरुवात 30 डब्यांनी. गिऱ्हाईक पाटोवरच्या कचेऱ्यांत, मिरामारला, दोनापावलाला आणि सांताक्रूझला. फोंड्यात किंवा म्हापशात किचन असेल तर गावांची नावं बदला, क्रम बदलू नका.

## 1. आधी कोणाला नाही म्हणायचं ते ठरवा

पहिलं काम म्हणजे आहारतज्ज्ञ गाठणं. नोंदणीकृत असावी, आणि महिन्यातून निदान दोनदा प्रत्यक्ष किचनमध्ये येणारी असावी. फोनवरून मेनू 'बरा आहे' म्हणणारी नको. तिच्याबरोबर बसून गिऱ्हाईकाचा एक पानी फॉर्म करा. त्यात वय, गोळ्या की इन्सुलिन, जेवणाची नेहमीची वेळ, मूत्रपिंडाचा त्रास, रक्तदाब, अ‍ॅलर्जी (आपल्याकडे सुंगटं आणि काजू मुद्दाम विचारा) आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर एवढं पुरे.

मग वाटणी करा. नुसत्या आहारावर असलेला किंवा मेटफॉर्मिनसारखी गोळी घेणारा माणूस तुमचा सरळ गिऱ्हाईक. इन्सुलिन घेणारा किंवा ग्लिमेपिराइडच्या जातीची गोळी घेणारा माणूस वेगळ्या, इन्सुलिनच्या यादीत जातो, कारण जेवण उशिरा आलं किंवा कमी पडलं तर त्याची साखर धोक्याच्या खाली उतरू शकते. या दुसऱ्या यादीतल्या प्रत्येकाशी आहारतज्ज्ञाने स्वतः बोलल्याशिवाय डबा सुरू करायचा नाही.

मूत्रपिंड कमजोर झालेले, गरोदर बाया आणि टाइप वनची मुलं यांना सुरुवातीला नाहीच म्हणा. मूत्रपिंडाच्या रुग्णाला प्रथिनं आणि पोटॅशियम यांचा हिशेब वेगळा लागतो. तुमच्या डब्यातली कडधान्यं आणि पालेभाज्या त्याला कदाचित चालणारच नाहीत. त्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला आहार घेऊन आला तरी तो वेगळा डबा होतो, आणि 30 डब्यांच्या किचनला असा वेगळा डबा झेपत नाही.

सावधान: हे फॉर्म म्हणजे लोकांच्या आजाराची माहिती. किचनच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्यांचे फोटो टाकू नका. पोचवणाऱ्या मुलाला नाव, पत्ता, वेळ आणि डब्याचा रंग एवढंच कळलं पाहिजे.

## 2. डब्याचं गणित कागदावर जुळवा

मेनू सुचायच्या आधी आकडा ठरतो. एका दुपारच्या डब्यात किती ग्रॅम कर्बोदकं, हे आहारतज्ज्ञ सांगेल. अनेक प्रौढांसाठी 45 ते 60 ग्रॅमच्या दरम्यान कुठेतरी सुरुवात होते. आपण 50 धरू. दोन आकड्यांचे दोन डबे काढायचा मोह होतो, पण पहिले दोन महिने एकच ठेवा.

आता माशाचा डबा मांडून पाहू. शीत, बांगड्याचं हुमण, अळसांद्यांचं तोणाक आणि तांबडी भाजी.

उकडे तांदूळ कच्चे 40 ग्रॅम घेतले तर कर्बोदकं साधारण 31 ग्रॅम. सुके अळसांदे 25 ग्रॅम घेतले तर साडेतेरा. तांबडी भाजी 100 ग्रॅम आणि तिच्यातला कांदा-खोबरं मिळून चार. हुमणात डब्यामागे 20 ग्रॅम ओलं खोबरं, त्यातून एक-दीड ग्रॅम. बांगड्यात कर्बोदकं नाहीतच. बेरीज 50 च्या आसपास येते. प्रथिनं 25 ग्रॅमच्या वर जातात, कारण 80 ग्रॅम खाण्याजोगा बांगडा एकटाच सोळा-सतरा ग्रॅम देतो.

यात दोन गोष्टी लोकांना पटत नाहीत. पहिली, उकड्या तांदळाची. 'उकड्याला साखर नसते' असं घरोघरी म्हणतात. उकडा सुरय तांदळापेक्षा थोडा सावकाश पचतो हे खरं, पण 100 ग्रॅममध्ये कर्बोदकं दोघांतही 77-78 ग्रॅमच असतात. म्हणजे उकडा वापरा, पण तोही मोजूनच. दुसरी गोष्ट खोबऱ्याची. साखर वाढवण्यात खोबऱ्याचा हात जवळजवळ नाही, पण 20 ग्रॅम ओल्या खोबऱ्यातून आठेक ग्रॅम चरबी येते. हुमणात, तोणाकात आणि भाजीवर अशी तीन ठिकाणी मूठ-मूठ पडली की डबा 500 कॅलरींवरून सहज 700 वर जातो. म्हणून सगळ्या डब्याचं खोबरं सकाळी एकदाच तोलून तीन वाट्यांत वाटून ठेवायचं, खवणीजवळ दुसरा नारळ ठेवायचा नाही.

शाकाहारी डबा म्हणजे माशाच्या डब्यातून मासा काढलेला डबा नव्हे. इथे हमखास चूक होते. बांगडा गेला की प्रथिनं भरायला कडधान्य वाढवतात आणि शीत तेवढंच ठेवतात, मग कर्बोदकं 58-60 वर जातात. बरोबर मांडणी अशी: तांदूळ 30 ग्रॅमवर आणा (23 ग्रॅम कर्बोदकं), अळसांदे 40 ग्रॅम करा (साडेएकवीस), भाजी-खोबऱ्याचे पाच. पुन्हा 50. वर पनीर किंवा अंडं खाणाऱ्याला अंडं. शाकाहारी डब्यात शीत कमी दिसतं, त्यावर तक्रार येते. पहिल्याच दिवशी सोबत चिठ्ठी घाला की शीत का कमी आहे.

आकडे घ्यायचे ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या अन्नघटक तक्त्यांतून. अमेरिकी संकेतस्थळांवरच्या 'एकूण कर्बोदकां'त चोथाही धरलेला असतो, आपल्या तक्त्यांत तो वेगळा काढलेला असतो. अर्धे आकडे इथले आणि अर्धे तिथले घेतले की कडधान्याच्या दिवशी डब्यामागे दोन-तीन ग्रॅमचा घोळ होतो आणि तो कुठून आला ते कधीच सापडत नाही.

तपासा: प्रत्येक पदार्थाची एक पट्टी भिंतीवर हवी: डब्यामागे कच्चं वजन, कर्बोदकं, खोबरं, तेल, मीठ. त्यावर आहारतज्ज्ञाची सही आणि तारीख.

## 3. कच्च्याचं शिजलेलं: रोजचा काटा

कागदावर 40 ग्रॅम तांदूळ लिहिला, पण डब्यात पडतं ते शीत. सगळा खेळ इथे आहे.

उकडा तांदूळ आपण भरपूर पाण्यात शिजवतो आणि पेज गाळतो. किती पाणी आत राहिलं ते तांदळावर, आचेवर, गाळायला किती वेळ ठेवलं यावर ठरतं. 30 डब्यांना 1 किलो 200 ग्रॅम तांदूळ घेतला. एक दिवस शिजून 3 किलो 360 ग्रॅम भरला, म्हणजे डब्याला 112 ग्रॅम. दुसऱ्या दिवशी पोतं बदललं, शीत मऊ झालं, 3 किलो 750 भरलं. आता डब्याला 125 ग्रॅम जायला हवं. पण वाढणारीच्या हाताला 112 ची सवय लागलेली. तिने तेवढंच घातलं तर प्रत्येक डब्यात 36 ग्रॅमच तांदूळ गेला, आणि तीन डब्यांहून जास्त शीत पातेल्यात उरलं. ते उरलेलं मग शेवटच्या डब्यांत 'जाऊ दे' म्हणून जास्त घातलं जातं. झालं, पहिल्या पंचवीस जणांना कमी आणि शेवटच्या पाच जणांना भरमसाट.

म्हणून रोज हा भागाकार करायचाच:

```
एका डब्याचं शीत = शिजलेल्या शिताचं एकूण वजन ÷ डबे
```

पातेल्याचं रिकामं वजन पातेल्यावरच रंगाने लिहून ठेवा, म्हणजे गरम शीत उपसून तोलावं लागत नाही. काटे दोन लागतात: मोठा 30 किलोचा पातेल्यासाठी, आणि लहान, एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा, वाढायच्या टेबलावर. फळीवर आजच्या तारखेखाली शिताचा आकडा लिहायचा. कालचा आकडा आधी पुसायचा, मग नवा लिहायचा. क्षुल्लक वाटतं, पण कालचा आकडा बघून भरलेले डबे मी एकापेक्षा जास्त किचनमध्ये पाहिले आहेत.

तोणाकालाही हाच नियम, फक्त एक पेच आहे. अळसांदे खाली बसतात. वरून डवल्याने घेतलं की पहिल्या डब्यांत रस आणि शेवटच्यांत दाणे. दाणे वेगळे शिजवा, तोलून डब्यात घाला, मग वरून वाटणाचा रस. चवीत फरक पडू नये म्हणून दाणे शेवटची दहा मिनिटं रसात उकळून झाऱ्याने उपसायचे. डवला रसापुरता राहू द्या, शिताच्या आणि दाण्यांच्या जवळ त्याला येऊ देऊ नका.

तपासा: भरलेल्या दर दहा डब्यांतला एक उघडा. शीत ठरलेल्या वजनापेक्षा पाच ग्रॅमहून जास्त चुकलं तर तो आणि आधीचे नऊ पुन्हा तोला. वहीत नोंद ठेवा. तीन दिवस सलग चूक निघाली तर माणसाला दोष देण्याआधी काटा तपासा. ओल्या ओट्यावर ठेवलेला काटा हमखास भरकटतो.

## 4. चोरवाटेने येणारी कर्बोदकं

तोणाकात गुळाचा खडा, सोलकढीत चमचाभर साखर, हुमणाच्या वाटणात दाटपणासाठी भिजवलेले तांदूळ, मासळी तळताना रव्याचा लेप, खतखत्यात कणंग आणि मक्याचं कणीस. यातलं प्रत्येक थोडंथोडकं वाटतं. पण पाच ग्रॅम गुळातून साडेचार ग्रॅमच्या आसपास साखर येते, आणि रव्यात घोळवलेल्या दोन तुकड्यांतून सात-आठ ग्रॅम कर्बोदकं सहज. दोन्ही एकाच दिवशी पडले तर तुमचे 50 चे 62 झाले.

स्वयंपाकिणीला 'गूळ घालू नको' सांगून भागत नाही, कारण तिची चव त्या खड्यावर उभी असते. त्याऐवजी आंबटपणा आणि वास वाढवा: सोलं थोडी जास्त, तिरफळं ठेचून, शेवटी हिंगाची फोडणी. तळलेल्या मासळीच्या दिवशी रवा काढून नुसता मसाला लावून तव्यावर भाजा. खतखतं द्यायचंच असेल तर त्या दिवशी शीत 20 ग्रॅम तांदळाचं करा आणि बाकी हिशेब खतखत्यातून येऊ द्या.

पोईबद्दल एक शब्द. 'पोई म्हणजे गव्हाचा पाव, मधुमेहाला चालतो' ही समजूत पक्की आहे. बऱ्याच ठिकाणी आता पोईत मैदाच जास्त असतो आणि कोंडा फक्त वरून लावलेला. तुमचा पोदेर पिठात काय घालतो ते त्याच्या भट्टीवर जाऊन पाहा, आणि पोई तोला. ब्रेडसारख्या कुठल्याही पावात 100 ग्रॅमला पन्नासेक ग्रॅम कर्बोदकं धरावी लागतात. 60 ग्रॅमची एक पोई म्हणजे 30 ग्रॅम, जवळजवळ तुमचं सगळं शीत.

सावधान: मध, खजूर, गूळ, माडाचं गोड यांना 'नैसर्गिक' म्हणून सूट देऊ नका. रक्तातल्या साखरेला नैसर्गिक-अनैसर्गिक कळत नाही.

## 5. कागदपत्रं, आणि डब्यावर काय लिहू नये

कागदपत्रांत फारसं अडत नाही, फक्त क्रम पाळा. जागा भाड्याने घेण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी. घरमालक हो म्हणतो आणि वरच्या मजल्यावरचा फोडणीच्या वासावरून तक्रार करतो, हे नेहमीचं. मग व्यापार परवाना: ताळगावात पंचायतीचा, पणजीत महापालिकेचा. त्यानंतर अन्न सुरक्षेची नोंदणी किंवा परवाना foscos.fssai.gov.in वर. दोहोंपैकी काय लागेल ते वार्षिक उलाढालीवर ठरतं, अर्ज करतेवेळी तिथली चालू मर्यादा पाहून घ्या. गॅस व्यावसायिक, 19 किलोचा. घरगुती सिलिंडरवर किचन चालवू नका.

खरा धोका शब्दांत असतो. अन्नाने रोग बरा होतो, टळतो किंवा आटोक्यात येतो असा दावा 2018 च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांत बसत नाही, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्न सुरक्षा कायद्यात 10 लाखांपर्यंत दंड आहे. 'शुगर फ्री' हा शब्दही मोकळा नाही. 100 ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नसेल तरच तो चालतो, आणि कांदा-खोबऱ्याच्या कुठल्याही रश्शात ती त्याहून जास्त असते. 'तुमच्या डब्याने एचबीए1सी उतरलं', म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर खाली आली, असा गिऱ्हाईकाचा निरोप आला तर आनंद माना, पण स्टेटसला लावू नका.

लिहायचं काय? 'मोजलेल्या कर्बोदकांचं जेवण. या डब्यात सुमारे 50 ग्रॅम.' खाली घटक, अ‍ॅलर्जीचे पदार्थ, भरल्याची वेळ, किती वाजेपर्यंत खावं, नोंदणी क्रमांक. मधुमेही गिऱ्हाईकाला नेमकी हीच माहिती हवी असते.

## 6. वेळ आणि वाट

इन्सुलिन घेणाऱ्याच्या दृष्टीने अर्धा तास उशीर ही नुसती गैरसोय नसते. साखर 70 च्या खाली गेली की घाम, थरथर, गोंधळ सुरू होतो, आणि तो पाटोवरच्या कचेरीत एकटा बसलेला असतो.

म्हणून वाट आखताना पहिला नियम: मांडवी ओलांडायची नाही. नकाशावर पर्वरी जवळ दिसते, पण पूल अडला की हिशेब कोलमडतो. पर्वरीतून मागणी आली तर नावं लिहून ठेवा. पंधरा झाली की तिथलीच छोटी जागा बघा.

30 डब्यांना दोन मुलं. एका थांब्याला, लिफ्ट आणि सुरक्षारक्षक धरून, चार मिनिटं. पंधरा डबे म्हणजे एक तास. 12 ला निघालेला मुलगा पहिला डबा 12 वाजून 10 मिनिटांनी देतो आणि शेवटचा एकच्या पुढे. आता यात महत्त्वाचं हे की तिसऱ्या क्रमांकाचा माणूस रोज तिसराच राहिला पाहिजे. मुलं पेट्रोल वाचवायला किंवा कंटाळून एक दिवस उलट्या टोकाने सुरुवात करतात. तसं झालं की 12:15 ला जेवणारा माणूस एकला जेवतो आणि एकचा 12:15 ला. तुमच्या वहीत सगळे डबे वेळेत पोचलेले दिसतात, पण तीस जणांच्या गोळ्यांचं वेळापत्रक उलटं झालेलं असतं. वाटेचा क्रम छापून द्या. इन्सुलिनच्या यादीतली नावं पहिल्या सहांत ठेवा, म्हणजे वाटेत साचलेला उशीर त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

त्या यादीतल्या गिऱ्हाईकांना आहारतज्ज्ञ आणि त्यांचे डॉक्टर यांच्या संमतीने एक ओळ लेखी द्या: डबा हातात आल्याशिवाय जेवणाआधीचा डोस घेऊ नये. आणि दुसरी: पूर्ण जेवण जाणार नसेल तर शीत आधी टाकू नये. लोक 'आज भूक नाही' म्हणून नेमकं शीत बाजूला काढतात आणि डोस पूर्ण घेतात.

उशिराचा नियम फळीवर असावा. दहा मिनिटं उशीर दिसला की मुलगा किचनला फोन करतो, किचन गिऱ्हाईकाला. वीस मिनिटांच्या वर जाणार असेल तर गिऱ्हाईकाला जवळचं काही खायला सांगायचं, आणि तो डबा त्या दिवसाच्या बिलातून वजा. जून ते सप्टेंबर पाऊस धरून वीस मिनिटं लवकर निघायचं, पण जेवण गरमच हवं. शीत-कालवण 60 अंशांच्या वर भरा आणि जाड पेटीत ठेवा. कोमट शीत तासन्‌तास राहिलं की बिघडतं, आणि मधुमेहीला उलट्या-जुलाब झाले की साखरेचं गणित आणखी अवघड होतं.

सावधान: ऑर्डरवर डबा देणारी अ‍ॅपं ठरलेली वेळ आणि ठरलेला क्रम सांभाळत नाहीत. इन्सुलिनवरच्या माणसाला अ‍ॅपवरून डबा विकू नका.

## 7. वर्षाचा मेनू बंदी आणि व्रतं बघून

1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बांगडा महाग होतो किंवा बर्फातला जुना येतो. त्या दोन महिन्यांचा मेनू एप्रिलमध्येच आहारतज्ज्ञाकडून सही करून घ्या: अंड्याचं तोणाक, चिकन, मोडांचे मूग. सुक्या सुंगटांची किसमूर आठवून हात शिवशिवतो, पण सुक्या मासळीत मीठ फार असतं, आणि मधुमेहाबरोबर रक्तदाब असणारे तुमच्या यादीत बरेच निघतील. आठवड्यातून एकदा, चमचाभर, आणि त्या दिवशी भाजीत मीठ अर्धं.

बंदी संपते न संपते तोच श्रावण आणि मग चवथ. एकदम अर्धे डबे शाकाहारी होतात. सोमवारची तर वर्षभरच यादी वेगळी. आधी सांगितलेली 30 ग्रॅम तांदळाची शाकाहारी मांडणी म्हणूनच पहिल्या दिवसापासून तयार हवी.

एकादशीला 'साबुदाणा द्या' असा आग्रह होतो. साबुदाणा जवळजवळ नुसता स्टार्च, 100 ग्रॅमला 85 च्या वर कर्बोदकं, आणि चोथा-प्रथिनं नावाला. त्या दिवशी वरीचा मोजलेला भात, शेंगदाण्याची आमटी आणि ताक देता येतं. पण इन्सुलिन घेणाऱ्याने उपास धरावा का, हे त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं. तुम्ही मध्ये पडू नका.

## 8. दराचा हिशेब

दर इथे मांडलेत ते नमुन्याचे आहेत, तुमच्या बाजारभावाने पुन्हा मांडा.

डबा 190 रुपये, महिन्याला 24 दिवस. 30 डब्यांवर जमा 1,36,800. डब्यामागे सामान 80 आणि पॅकिंग 12 धरलं तर 66,240. दोन मुलं पेट्रोलसह 18,000. मदतनीस 14,000, आहारतज्ज्ञ 6,000, गॅस-वीज 6,500, भाडं 12,000. हातात उरतात 14,060, आणि त्यात तुमचा पहाटे पाचपासूनचा पगार धरलेला नाही.

45 डब्यांवर चित्र बदलतं. जमा 2,05,200. सामान-पॅकिंग 99,360, तीन मुलं 27,000, बाकीचे 38,500 तसेच, गॅसचे दोन हजार जास्त. उरतात 38,340. पण इथेच एक खड्डा आहे. वर्षाची उलाढाल आता साडेचोवीस लाखांवर जाते आणि सेवांसाठीची 20 लाखांची जीएसटी मर्यादा ओलांडते. 5 टक्के कर 190 च्या आतून भरावा लागला तर डब्यामागे नऊ रुपये, म्हणजे महिन्याला पावणेदहा हजार जातात. म्हणून पहिल्याच दिवशी दरपत्रकावर 'कर लागू झाल्यास वेगळा' असं लिहून ठेवा. नंतर वाढवलेला दर लोकांना खुपतो.

अ‍ॅपवरून गेलेल्या 200 रुपयांच्या डब्याला 25 टक्के कमिशन आणि त्यावर 18 टक्के कर धरला तर 59 रुपये तिथेच गेले. वरचं गणित त्यात बसत नाही. अ‍ॅप लोकांना तुमचं नाव कळण्यापुरतं ठेवा.

## 9. पहिले पंधरा दिवस

30 डबे पहिल्याच दिवशी घेऊ नका. दहा-बारा जण घ्या, सगळे मेटफॉर्मिनसारख्या गोळ्यांवरचे, इन्सुलिनच्या यादीतला एकही नको. या पंधरवड्यात चव नाही, वही तपासायची आहे: शिताच्या वजनातली चूक, प्रत्येक थांब्याची खरी वेळ, आणि परत आलेल्या डब्यांत काय उरतं.

शेवटची गोष्ट सगळ्यांत बोलकी असते. शीत उरत असेल तर त्या माणसाला 50 चा आकडा जास्त होतोय किंवा तो भीतीने टाकतोय. दोन्हींत आहारतज्ज्ञाने फोन करायचा. भाजी उरत असेल तर दोष स्वयंपाकाचा. आणि काहीच न उरता 'पोट भरत नाही' अशी तक्रार येत असेल तर शीत वाढवू नका, 60-70 ग्रॅम काकडी-मुळ्याची कोशिंबीर आणि पातळ ताक जोडा. कर्बोदकं दोन-चार ग्रॅमनेच वाढतील, ती पट्टीवर लिहा.

काही गिऱ्हाईक स्वतःहून जेवणानंतरची साखर मोजून तुम्हाला पाठवतील. पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजलेला आकडा असेल तरच त्याला अर्थ आहे, आणि तोही आहारतज्ज्ञाकडे पाठवायचा. 'गोळी अर्धी करून बघा' हे वाक्य तुमच्या किचनमधून कधीही बाहेर जाता कामा नये, गिऱ्हाईक तुमचा सख्खा मामा असला तरी.

पंधरवडाभर दर दहातल्या डब्याची चूक पाच ग्रॅमच्या आत राहिली आणि एकही थांबा दहा मिनिटांपेक्षा जास्त चुकला नाही, तर इन्सुलिनच्या यादीतले पहिले दोघे घ्या, दोघेच. आठवड्याने आणखी दोन. रात्रीच्या डब्याची मागणी याच सुमारास सुरू होते. दुपारचे 45 डबे दोन महिने बिनचूक जाईपर्यंत तिला नाही म्हणा. रात्री कमी झालेली साखर झोपेत कळत नाही, आणि आठनंतर पोचवायला भरवशाचा मुलगा मिळणं दुपारपेक्षा कितीतरी अवघड.